पैसे मुलाचे, खाते वडिलांचे

बँकेतली नोकरी संपल्यावर हिशेबाचे कागद सुटतील असे वाटले होते. तसे झाले नाही. मोहाडी, तुमसर, पवनीकडचे ओळखीचे लोक भंडाऱ्याला कामाने आले की मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "पैसे कायचे कटले जी हे?" पूर्वी यांत एटीएमच्या तक्रारी जास्त असायच्या. आता वेगळाच प्रकार वाढला आहे. मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादला. दसरा-दिवाळीला आईवडिलांसाठी सिनेमा-मालिकांच्या अॅपची वर्षाची वर्गणी भरून देतात. भाचीला अभ्यासाचे अॅप, निवृत्त शिक्षकाला मासिक, शाळेला साप्ताहिक. पैसे एक भरतो, सेवा दुसरा वापरतो. पहिल्या वर्षी सगळे आनंदात चालते. दुसऱ्या वर्षाचे पैसे कापले जातात तेव्हा दोघेही गोंधळतात. या गोंधळात मदत करताना जे कळले ते इथे लिहितो.

१. भेट देण्याआधी विचारा: हे कूपन आहे की मॅन्डेट?

बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, पण व्यवहार पूर्ण वेगळा असतो. कूपन म्हणजे एकदाच पैसे भरून घेतलेला कोड. तो आपण वडिलांना पाठवतो, ते आपल्या खात्यात टाकतात, ठरलेली मुदत चालते आणि संपते. देणाऱ्याच्या बँक खात्याशी त्या अॅपचा पुढे काही संबंध राहत नाही. मॅन्डेट म्हणजे देणाऱ्याने कार्डावर किंवा यूपीआयवर दिलेली कायमची परवानगी: दर महिन्याला किंवा दर वर्षाला माझ्या खात्यातून एवढे पैसे घ्या.

पुष्कळ अॅपांत भेटीसाठी वेगळी सोयच नसते. मग मुलगा वडिलांचा मोबाइल नंबर टाकून खाते उघडतो, वडिलांना ओटीपी विचारतो आणि पैसे भरायच्या पानावर आपली यूपीआय निवडतो. त्याला वाटते, आपण भेट दिली. खरे तर त्याने दुसऱ्याच्या खात्याला आपले बँक खाते जोडून दिलेले असते.

ओळखायचे कसे? पैसे भरताना यूपीआय अॅपमध्ये नुसती रक्कम दिसली, तर ते एकदाचे देणे. "ऑटोपे" हा शब्द, किती काळाने पैसे जाणार, जास्तीत जास्त किती जाणार आणि शेवटची तारीख असे तपशील दिसले, तर ते मॅन्डेट. यूपीआय ऑटोपे २०२० च्या जुलैपासून सुरू आहे. त्यात यूपीआय पिन फक्त पहिल्या वेळी लागतो. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम पिनशिवाय जाते. कार्डांवरच्या अशा कायमच्या परवानग्यांनाही रिझर्व्ह बँकेची हीच मर्यादा आहे. आधी ती ५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढवली.

२. रकमेपेक्षा "जास्तीत जास्त" हा आकडा आधी वाचा

मोहाडी तालुक्यातल्या एका घरची गोष्ट सांगतो. मुलगा पुण्याला कारखान्यात नोकरीला आहे. २०२३ च्या दसऱ्याला, म्हणजे २४ ऑक्टोबरला, त्याने वडिलांच्या नंबरवर एका मनोरंजन अॅपची वर्षाची वर्गणी घेतली. जाहिरातीत "पहिले वर्ष ७९९" असे होते. त्याने ७९९ भरले. मॅन्डेटच्या पानावर मात्र "जास्तीत जास्त १,४९९, दर वर्षी" असे लिहिले होते. अक्षर बारीक नव्हते, रक्कम लपवलेलीही नव्हती. पण त्याचे लक्ष ७९९ वर होते.

२०२४ च्या पावसाळ्यात वीज पडली आणि घरचा टीव्ही जळाला. जुलैपासून त्या घरात ते अॅप कोणी उघडले नाही. वडिलांनी मुलाला टीव्हीचे सांगितले, अॅपचे सांगितले नाही, कारण त्यांच्या लेखी वर्षाचे पैसे भरून झाले होते आणि विषय संपला होता. २४ ऑक्टोबर २०२४ ला मुलाच्या खात्यातून १,४९९ रुपये गेले.

मॅन्डेटमधला "जास्तीत जास्त"चा आकडा म्हणजे पुढच्या वर्षाची किंमत समजावी. पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर कंपनी किती घेऊ शकते हे तिथेच कळते. त्या आकड्याच्या वर तिला जाता येत नाही. जास्त हवे असेल तर नवी परवानगी मागावी लागते. शेवटची तारीखही पाहावी. कधी कधी ती कित्येक वर्षे पुढची असते.

३. सूचना पैसे देणाऱ्याला जाते, वापरणाऱ्याला नाही

रिझर्व्ह बँकेचा नियम असा की पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवले पाहिजे: कोण कापणार, किती, कधी, आणि ते थांबवायचे कसे. मोहाडीच्या प्रकरणात तसा संदेश आला होता. तो पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलवर आला, बँकेच्या इतर संदेशांत मिसळला, आणि त्यात अॅपच्या नावाऐवजी पैसे गोळा करणाऱ्या मधल्या कंपनीचे नाव होते. मुलाने ते नाव कधी ऐकलेच नव्हते.

टीव्ही बंद असल्याचे वडिलांना माहीत होते, पण त्यांच्याकडे संदेश नव्हता. मुलाकडे संदेश होता, पण टीव्हीचा आणि अॅपचा संबंध त्याच्या लक्षात आला नाही. भेटीच्या वर्गणीत पैसे जातात ते इथेच. फसवणूक कोणी केलेली नसते. माहिती दोन घरांत वाटली गेलेली असते.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: भेट द्याल त्याच दिवशी नूतनीकरण बंद करा. वर्षाचे पैसे भरल्यावर बहुतेक अॅपांत "रद्द करा" म्हटले तरी भरलेल्या मुदतीपर्यंत सेवा चालू राहते, फक्त पुढचे पैसे कापले जात नाहीत. वर्ष संपत आले की वडीलच फोन करतील, "बंद पडले रे." तेव्हा हवे असेल तर पुन्हा भरा. याला एक अपवाद आहे. "सात दिवस फुकट" अशी चाचणी मुदत चालू असताना रद्द केले, तर काही सेवा त्याच क्षणी बंद होतात. तिथे मुदत संपायच्या आदल्या दिवशी रद्द करावे.

रद्द करण्याची जागा दोन ठिकाणी असते. आधी सेवेच्या खात्यात जाऊन वर्गणी रद्द करावी, मग आपल्या यूपीआय अॅपमधल्या ऑटोपेच्या यादीतून मॅन्डेट काढावे. मोबाइलवरून अॅप काढून टाकले म्हणजे वर्गणी बंद झाली, असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. गूगल प्लेमधून घेतलेली वर्गणी Play Store मध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवून Payments & subscriptions मध्ये Subscriptions या यादीत सापडते. ज्या गूगल खात्यातून ती घेतली, त्याच खात्यात ती दिसते. वडिलांच्या फोनवर मुलाचे खाते वापरले असेल, तर वडिलांच्या यादीत शोधून काही मिळणार नाही.

४. परतावा मागताना दोघांची नावे एकाच पत्रात असावीत

पैसे कापल्यावर दोन दिवसांनी मुलाने कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहिले. उत्तर आले: हे खाते तुमच्या नंबरवर नाही, खातेदाराने मागणी करावी. वडिलांनी फोन केला. उत्तर मिळाले: पैसे ज्या यूपीआयवरून आले ती तुमची नाही. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी नियमाला धरून होती. खातेदाराच्या परवानगीशिवाय खाते बंद करू नये, आणि पैसे भरणाऱ्याशिवाय दुसऱ्याला परत देऊ नयेत, हे बरोबरच आहे. पण दोन्ही मिळून बाप-लेकाला कुठेच जागा राहिली नाही.

इथे कायदा स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चे कलम २, पोटकलम ७ पाहा. ग्राहक म्हणजे पैसे देऊन सेवा घेणारा. आणि त्याच्या संमतीने त्या सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही ग्राहकच. म्हणजे पुण्याचा मुलगा ग्राहक आहे आणि मोहाडीचे वडीलही ग्राहक आहेत. "तुम्ही पैसे दिले नाहीत, म्हणून तुम्हाला तक्रार करता येत नाही" असे वडिलांना कोणी म्हणत असेल, तर ते चूक आहे.

पत्र मी त्यांच्याकडून असे लिहून घेतले. वडिलांच्या नोंदवलेल्या नंबराशी जोडलेल्या ईमेलवरून ते गेले. पहिल्या परिच्छेदात खाते कोणाचे, वर्गणी कधी घेतली, शेवटचा वापर कोणत्या महिन्यात. दुसऱ्यात पैसे कोणी दिले, कोणत्या तारखेला, आणि यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. तिसऱ्यात मुलाचे एक वाक्य: हे पैसे मी माझ्या वडिलांच्या वापरासाठी माझ्या खात्यातून दिले आहेत, त्यांच्या मागणीला माझी संमती आहे. शेवटी मागणी: दुसऱ्या वर्षाची वर्गणी रद्द करावी, नव्या मुदतीत सेवा वापरलेली नाही हे आपल्या नोंदीत पाहावे, आणि १,४९९ रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करावेत. सोबत मॅन्डेटच्या पानाचे आणि बँकेच्या संदेशाचे छायाचित्र.

हे पत्र ग्राहक सेवेच्या साध्या पत्त्यावर न पाठवता तक्रार अधिकाऱ्याच्या नावाने पाठवले. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे अशा प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा. पोच वेळेत आली. कंपनीच्या अटींत "परतावा नाही" असे लिहिले होते, तरी नव्या मुदतीत एकदाही वापर नव्हता म्हणून त्यांनी पूर्ण रक्कम परत केली. पैसे मुलाच्याच खात्यात आले. परतावा मूळ मार्गानेच जातो. वडिलांनी "माझ्या पासबुकात टाका" म्हटले असते तर प्रकरण लांबले असते.

यातून सगळ्यांना परतावा मिळेल असा अर्थ कोणी काढू नये. सूचना आली, ती वाचली, रद्द केले नाही, आणि मग चार महिने सेवा पाहिली, तर मागायला फारसे काही राहत नाही. उरलेल्या महिन्यांचे पैसे हिशेबाने परत देण्याची पद्धत मनोरंजनाच्या सेवांत फारशी नाही. नव्या मुदतीत वापर सुरू होण्याआधी मागितले, तर बाजू भक्कम राहते. गूगल प्लेमधून घेतलेले असेल तर पहिल्या ४८ तासांत मागणे सर्वांत सोपे जाते. म्हणून पैसे कापल्याचा संदेश दिसला की आधी दुसऱ्या घरी फोन लावा आणि सांगा, आज ते अॅप उघडू नका.

कंपनीने रद्द करण्याची जागाच लपवली असेल, किंवा रद्द करायला दहा पानांतून फिरवत असेल, तर ते निराळे प्रकरण आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ज्या तेरा फसव्या मांडण्यांवर बंदी घातली, त्यांत "सबस्क्रिप्शन ट्रॅप" आहे. तसे घडत असेल तर प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

५. कूपन सुरक्षित, पण त्याला मुदत आणि देश असतो

कूपनात पुढचे पैसे कापले जाण्याची भीती नाही, म्हणून आईवडिलांसाठी मी तेच सुचवतो. तरी तीन गोष्टी आधी पाहाव्यात. कोड कोणत्या तारखेपर्यंत वापरायचा? घरात आधीच चालू वर्गणी असेल तर नवा कोड तिच्यापुढे जोडला जातो की नाकारला जातो? आणि कोड कोणत्या देशात घेतला? अमेरिकेतल्या भावाने तिथे घेतलेले गूगल प्लेचे गिफ्ट कार्ड लाखनीतल्या बहिणीच्या भारतीय खात्यात चालत नाही. कोड एकदा खात्यात टाकला की तो परत होत नाही, हे जवळपास सगळीकडे सारखेच आहे. म्हणून पाठवण्याआधी विचारावे आणि पाठवल्यावर लगेच वापरायला सांगावे.

परदेशातून येणाऱ्या भेटीबाबत आणखी एक. २४ तास आधी कळवण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम भारतीय बँकांच्या कार्डांना आहे. भावाने अमेरिकन बँकेचे कार्ड जोडले असेल, तर तशा संदेशाची वाट पाहू नये.

६. छापील अंकाची भेट

याबद्दल थोडेच, पण आपल्याकडे ही भेट अजून दिली जाते. "साधना" साप्ताहिक १९४८ पासून निघते, बालभारतीचे "किशोर" मासिक १९७१ पासून. अशा अंकांची वर्गणी कोणी शाळेला देतो, कोणी नातवाला. इथे आपोआप पैसे कापण्याची भीती नसते. अडचण उलटी असते. वर्गणी संपल्याचे पत्र अंक घेणाऱ्याच्या पत्त्यावर जाते. घेणाऱ्याला "पुन्हा भरा" म्हणणे बरे वाटत नाही, आणि देणाऱ्याला अंक बंद झाल्याचे वर्षभर कळत नाही. वर्गणी भरताना फॉर्मवर देणाऱ्याचा फोन नंबर "नूतनीकरणासाठी संपर्क" म्हणून लिहावा.

अंक साध्या टपालाने येतात. त्यांना स्पीड पोस्टसारखा क्रमांक नसतो, त्यामुळे अंक आला नाही हे सिद्ध करता येत नाही. आला नाही तर पुढचा अंक येण्याआधी कळवावे. छापलेल्या प्रती संपल्या नसतील तर दुसरी मिळते. मध्येच वर्गणी थांबवली तर रोख परत मागण्यापेक्षा उरलेले अंक दुसऱ्या पत्त्यावर वळवायला सांगावे. संपादकीय कार्यालये याला सहसा तयार असतात.

७. पैसे देणारा गेला तर

हे लिहायला जड जाते, पण असे घडताना मी पाहिले आहे. देणाऱ्याचा मृत्यू झाल्याचे बँकेला कळले की खात्यातून आपोआप जाणारे पैसे थांबतात. पुढच्या तारखेला मॅन्डेट अपयशी ठरते आणि सेवा बंद पडते. वापरणाऱ्याचे खाते त्याच्याच नंबरवर असेल तर आपली यूपीआय जोडून ते चालू करता येते. पण खाते मृत व्यक्तीच्या ईमेलवर असेल, तर आत शिरायलाच वाट नसते. अभ्यासाच्या अॅपमध्ये मुलीच्या दोन वर्षांच्या चाचण्यांची नोंद असू शकते. म्हणून भेट देताना खाते नेहमी वापरणाऱ्याच्या नंबरवर आणि ईमेलवर उघडावे, देणाऱ्याच्या नव्हे. वापरणारा गेला असेल, तर देणाऱ्याने मॅन्डेट लगेच काढावे. ते स्वतःच्याच यूपीआय अॅपमधून होते, त्यासाठी मृत व्यक्तीच्या फोनची गरज पडत नाही.

८. परतावा घेताना पिन लागत नाही

सगळ्यांत जास्त काळजी मला याची वाटते. पैसे कापले गेले की माणूस घाबरून गूगलवर ग्राहक सेवेचा नंबर शोधतो, आणि वर दिसलेला पहिला नंबर फिरवतो. तो अनेकदा ठगाचा असतो. समोरचा गोड बोलतो, "बाबा, परतावा मंजूर झाला, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका," किंवा एखादे अॅप उतरवायला सांगतो, ज्यातून त्याला तुमच्या फोनचा पडदा दिसतो. १,४९९ परत मिळवायला निघालेला माणूस खात्यातले सगळे घालवून बसतो. यूपीआय पिन पैसे देताना लागतो. पैसे येताना पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही. नंबर घ्यायचा तो अॅपच्या आतून किंवा कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून. पैसे गेलेच तर त्याच तासाला सायबर हेल्पलाइनच्या १९३० क्रमांकावर फोन करावा. तक्रार लवकर गेली तर पैसे पुढे सरकण्याआधी थांबवण्याची शक्यता असते.

वडिलांना हे फोनवर एकदा सांगून पुरत नाही. दिवाळीला गावी याल तेव्हा शेजारी बसून त्यांच्या फोनवर दाखवा.

९. भंडाऱ्यातच तक्रार करता येते

कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा बंगळुरूत आहे म्हणून बरेच जण तक्रार सोडून देतात. जुन्या कायद्यात सहसा समोरच्या पक्षाच्या ठिकाणी जावे लागायचे. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि तेव्हापासून ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल होते. पुण्याच्या मुलाला पुण्यात करता येते, मोहाडीच्या वडिलांना भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. तक्रार ऑनलाइनही देता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती द्यावी लागते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि वकील लावण्याची सक्ती नाही.